बाहेरून दोन फूट, आतून दीड: पाणंदीवरच्या मोरीत झालेली आमची फसवणूक

पन्हाळा तालुक्यातील आमच्या गावात डोंगराच्या पायथ्याने एक पाणंद जाते आणि आम्हा पाच घरांची शेती तिच्यावर अवलंबून आहे. पाणंदीच्या वरच्या अंगाला सुमारे आठ एकर रान आहे, थोडे उसाचे, थोडे गवताळ माळाचे. या सगळ्या रानाचे पावसाळी पाणी एका ओघळीतून उतरते आणि पाणंद आडवी ओलांडून खालच्या ओढ्याला मिळते. पूर्वी तिथे नुसते दगड पसरलेले होते. पावसाळ्यात दुधाची किटली घेऊन गुडघाभर पाण्यातून जावे लागे, आणि ओल मोडली नसली तर गळीत हंगामाच्या सुरुवातीला भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या हमखास त्याच जागी रुतत. म्हणून आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून तिथे सिमेंटच्या नळ्यांची मोरी घालायचे ठरवले. त्या कामात आम्ही कसे फसलो, हे मी तपशिलाने लिहीत आहे, कारण ज्या युक्तीने आम्हाला फसवले गेले ती अगदी साधी आहे आणि टेप हातात असूनही ती लक्षात येत नाही.

नळा केवढा लागेल याचा हिशेब आम्ही आधीच करून घेतला होता. माझे एक नातेवाईक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी वहीच्या पाठीमागे तो मांडून दिला. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की साधारण चार हजार लिटर पाणी होते. आठ एकरांवर जोराच्या सरीत तासाला ७० मिलिमीटर पाऊस धरला, तर तासाला साडेबावीस लाख लिटर पाणी पडते. त्यातले निम्मे जमिनीत मुरते किंवा सऱ्यांत अडते असे मानले, तरी सव्वाअकरा लाख लिटर पाणी ओघळीत येते, म्हणजे सेकंदाला तीनशेहून थोडे अधिक लिटर. आतून दोन फूट, म्हणजे ६०० मिलिमीटर व्यासाचा नळा तोंडापर्यंत भरून वाहू लागला की सेकंदाला सव्वातीनशे ते साडेतीनशे लिटर पाणी ओढतो. त्यामुळे दोन फुटी नळा जेमतेम पुरतो, त्याहून लहान चालणार नाही, असे त्यांनी बजावून सांगितले होते. वरून उसाच्या ट्रॉल्या जाणार असल्यामुळे नळा एनपी-३ या वर्गाचाच घ्यावा, एनपी-२ घेऊ नये, कारण एनपी-२ ची भिंत पातळ असते आणि तो हलक्या वाहतुकीसाठी असतो, हेही त्यांनी सांगितले.

ठेकेदार जवळच्याच गावचा होता आणि त्याची बोलाचाली गोड होती. त्याने कागदावर लिहून दिले ते असे: “दोन फुटी एनपी-३ पाइप तीन नग, दोन्ही तोंडांना दगडी भिंती, मुरूम भराव, एकूण ९२ हजार.” तीन नळे प्रत्येकी अडीच मीटर लांबीचे, म्हणजे साडेसात मीटर, हे बारा फुटी पाणंदीला आणि भरावाच्या दोन्ही उतारांना बरोबर होते. आम्ही ४० हजार विसार दिला. त्या कागदात दोन उणिवा होत्या आणि त्या आम्हा पाच जणांपैकी एकाच्याही लक्षात आल्या नाहीत. दोन फूट हे माप आतले की बाहेरचे, हे त्यात लिहिलेले नव्हते. आणि भिंतींचा पाया किती खोल घ्यायचा, याचाही उल्लेख नव्हता.

मे महिना संपत आला असताना एका संध्याकाळी दिवे लागणीच्या वेळी नळे आले. मी आणि शेजारचे तात्या तिथे होतो. आम्ही माप बघायचे म्हणताच ठेकेदाराने स्वतःच टेप काढला, नळ्याच्या तोंडावर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा धरला आणि म्हणाला, “तात्या, बघा की, दोन फूट हाय का न्हाई?” टेपवर चोवीस इंच होते. मी स्वतः वाकून पाहिले. तात्यांनी मान डोलावली. मिरीग तोंडावर आलाय, उद्या जेसीबी दुसरीकडे जाणार आहे, असे म्हणून त्याने त्याच रात्री गॅसबत्तीच्या उजेडात नळे चरात सोडले आणि सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा त्यावर अर्धा भराव पडलेला होता.

तो टेप भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत धरलेला होता. दीड फुटी, म्हणजे ४५० मिलिमीटरच्या एनपी-३ नळ्याची भिंत तीन इंच जाडीची असते. आतले अठरा इंच आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींचे मिळून सहा, असे चोवीस इंच नेमके भरतात. आतून खरोखर दोन फूट असलेला एनपी-३ नळा बाहेरून मोजला तर अडीच फूट भरतो. म्हणजे नळा एनपी-३ च होता, नवा होता, नगही तीनच होते. फक्त तो एक माप लहान होता. आणि या एका मापाने पाणी किती कमी जाते, याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. व्यास पाऊण झाला की तोंडाचे क्षेत्र जवळजवळ निम्मे होते आणि वाहण्याची क्षमता त्याहूनही थोडी अधिक घटते. आमच्या नळ्यातून सेकंदाला दीडशे ते पावणेदोनशे लिटरच पाणी जाणार होते, आणि ओघळीला येणार होते तीनशेच्या वर.

मिरगाचा पाऊस बेताचा झाला, त्यामुळे काही कळले नाही. काम उत्तम झाले असे समजून आम्ही जूनच्या अखेरीस उरलेले ५२ हजार देऊन टाकले. याची मला सर्वांत जास्त खंत आहे, कारण मोरीची खरी परीक्षा तरण्या पावसातच होते आणि तोपर्यंत निदान २० हजार तरी आम्ही हातात ठेवायला हवे होते.

तरणा लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एका रात्री सलग तीन तास पाऊस कोसळला. पहाटे कंदील घेऊन गेलो, तर पाणंदीच्या वरच्या अंगाला तात्यांच्या चुलतभावाच्या खोडव्यात कमरेएवढे पाणी तुंबलेले होते आणि पाणंदीवरून एक वीत पाणी वाहत होते. खालच्या बाजूला भरावाचा मुरूम ढासळत होता. नळ्याचे वरचे तोंड पाण्यात पूर्ण बुडालेले होते, खालच्या तोंडातून पाणी जोरात बाहेर पडत होते, आणि त्या तोंडाशेजारी, भिंतीच्या दगडांमधून, नळ्याच्या बाहेरूनच आणखी एक धार येत होती. ती धार वरच्या पाण्यापेक्षा कितीतरी गढूळ, तांबडीलाल होती. नळ्याच्या अंगाने पाणी भरावात शिरून आतली माती घेऊन चालले आहे, याची ती खूण होती. उजाडता उजाडता पाणंदीच्या मधोमध, दोन नळ्यांच्या सांध्याच्या बरोबर वर, घमेल्याएवढे भगदाड पडले. आठ वाजेपर्यंत खालची भिंत अख्खी पुढे कलंडली आणि तिच्यामागचा भराव ओढ्यात गेला.

पाणी ओसरल्यावर सगळे उघडे पडले. भिंतीला पायाच नव्हता. ओघळीच्या मऊ मातीवर दगडांचा पहिला थर तसाच मांडला होता. नळ्यातून पडणारे पाणी भिंतीच्या बुडाशी खड्डा खणते, म्हणून तिथे पाया निदान अडीच-तीन फूट खोल, कठीण मुरमापर्यंत नेतात आणि पुढे दगडांची फरशी करतात. नळ्यांखालीही मुरमाची चोपलेली बैठक नव्हती. चर खणताना निघालेली माती तशीच लोटून त्यावर नळे ठेवले होते, त्यामुळे मधला नळा दोन इंच खचला होता आणि सांध्यावरच्या कॉलरमध्ये सिमेंटचा माल भरलेलाच नसल्यामुळे तो सांधा बोट जाईल एवढा उघडला होता. मधला नळा जेसीबीने उलटवला तेव्हा त्याच्या बुडाच्या बाजूला काळ्या रंगात छापलेला वर्ग दिसला आणि त्याच्या शेजारी ४५० हा आकडा. नळ्यावर वर्ग, व्यास आणि बनवल्याची तारीख छापलेली असते. चरात सोडताना ती बाजू खाली गेली होती. मुद्दाम की योगायोगाने, हे मी सांगू शकत नाही. परंतु तिन्ही नळ्यांची तीच बाजू खाली होती.

ठेकेदाराकडे गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “दोन फुटी म्हणजे बाहेरून दोन फुटी, आमच्यात असंच म्हणत्यात.” त्याचाच कागद त्याने पुढे केला. नळे ज्या कारखान्यातून आणले तिथले चलन मागितले, तर ते नाही म्हणाला. ते चलन नळे उतरवतानाच मागितले असते, तर त्यावर ४५० लिहिलेले आम्हाला तिथल्या तिथे वाचता आले असते. पाया आणि सांधे यांबाबत मात्र त्याला उत्तर देता आले नाही, कारण पडलेल्या भिंतीचे आणि उघड्या सांध्याचे फोटो आम्ही टेप लावून काढले होते. गावातल्या चार जाणत्यांसमोर बसून त्याने १८ हजार परत केले.

ज्यांचा खोडवा बुडाला त्यांचा राग आमच्यावर होता आणि तो योग्यच होता. नैसर्गिक प्रवाहाला अडथळा केला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, आणि त्यांनी ती मागितली असती तर ठेकेदार नव्हे, आम्ही पाच जण उभे राहिलो असतो. त्यांनी भाऊबंदकी सांभाळली आणि आम्ही त्यांच्या नुकसानीचे पैसे वर्गणीतून दिले.

फेब्रुवारीत ऊस गेल्यावर आम्ही मोरी पुन्हा घातली. या वेळी कागदावर “आतील व्यास ६०० मिलिमीटर” असे लिहून घेतले. नळे दिवसा उतरवले आणि टेप आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत धरून फोटो काढला. छापलेली बाजू वर ठेवूनच नळे बसवले आणि माल भरून सांधे वाळेपर्यंत भराव टाकू दिला नाही. पाया खणून झाल्यावर मी स्वतः खड्ड्यात उतरलो. पहार टाकल्यावर ती टणकन वाजली तेव्हाच गवंड्याला पहिला दगड ठेवू दिला. भराव अर्ध्या अर्ध्या फुटाच्या थरांनी, नळ्याच्या दोन्ही अंगांना सारखा टाकून धुमसाने चोपला. पैशांचा शेवटचा हप्ता तरणा आणि म्हातारा हे दोन्ही पाऊस बघून जुलैच्या अखेरीस दिला.

जुने तीन नळे अजून पाणंदीच्या कडेला बांधावर पडून आहेत. कोणाला मोरी घालायची असेल तर टेप घेऊन यावे आणि एकदा बाहेरून, एकदा आतून मोजून पाहावे.