नफा ८५ कोटींचा, पैसा कुठेच नाही

एका कंपनीचे २,००० शेअर २३० रुपयांच्या भावाने घेतले आणि ३१ रुपयांना विकले. ३,९८,००० रुपये बुडाले. ग्रुपवरच्या टिपा, 'मल्टिबॅगर'चे मेसेज हे सगळं तुम्हाला माहीत आहे. पण मी नुसत्या टिपेवर गेलो नव्हतो. तीन वर्षांचा नफा मी स्वतः पाहिला होता: १८, २६ आणि ४१ कोटी. ऑडिटरची सही असलेले आकडे. त्यावर विश्वास ठेवला, यात माझं काय चुकलं?

चुकलं ते एका पानावर. वार्षिक अहवाल मोबाइलवर उघडा होता आणि कॅश फ्लोचं, म्हणजे रोकड किती आली-गेली ते पान मी अंगठ्याने वर सरकवून दिलं. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. कंत्राटदाराला उधार माल दिला की विक्री वहीत लागते, नफाही दिसतो, पण गल्ल्यात रुपया येत नाही. रोज हेच बघणारा मी, ते पान वाचलं नाही. याचीच सगळ्यात जास्त चीड येते.

त्या पानावर सगळं होतं. तीन वर्षांत नफा ८५ कोटी, पण धंद्यातून आलेली रोकड उणे १० कोटी. त्यातून यंत्रांवर घातलेले २२ कोटी वजा करा: फ्री कॅश फ्लो उणे ३२ कोटी. ग्राहकांकडून येणं ३८ कोटींवरून १४२ कोटींवर गेलं होतं. वर्षाची विक्री २६० कोटी, म्हणजे जवळपास २०० दिवसांची उधारी. त्याच काळात कर्ज ३५ कोटींनी वाढलं, आणि त्यातूनच ३ कोटींचा डिव्हिडंड वाटला! पुढे ती येणी 'बुडीत' म्हणून लिहून टाकली आणि नफा एका तिमाहीत पुसला गेला.

एकाच वर्षाचा आकडा पाहू नका. मार्चअखेर पुरवठादारांचे पैसे थकवले की रोकड फुगते, म्हणून तीन ते पाच वर्षांची बेरीज करा. नवा कारखाना उभा राहत असेल तर फ्री कॅश फ्लो उणे येऊ शकतो, पण तेव्हा धंद्यातली रोकड तरी अधिक असते. इथे तीही नव्हती. बँका आणि फायनान्स कंपन्यांना हे गणित लावू नका, कर्ज वाटणं हाच त्यांचा धंदा.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे तक्रार केली. सेबीने ती कंपनीकडेच पाठवली! कंपनीने लिहिलं, 'हिशेब लेखापरीक्षित आहेत,' आणि तेवढ्यावर तक्रार निकाली. पुन्हा केली, तर 'शेअरच्या किमतीतील घट आमच्या कक्षेत येत नाही.' अहो, किमतीबद्दल कोण बोलतंय? १४२ कोटी ज्यांच्याकडून येणार होते ते ग्राहक आहेत तरी का, एवढंच विचारलं होतं. पोलीस ठाण्यात गेलो, तर म्हणाले, शेअर तुम्हीच घेतलात ना? ऑडिटर वर्षाच्या मध्येच राजीनामा देऊन गेला, कारण 'वैयक्तिक'. असा राजीनामा दिसला की त्याच दिवशी विका.

तिसरी तक्रार कालच टाकली आहे. सोबत त्या पानाची प्रत जोडली आहे, आकड्यांना लाल गोल करून.