भर उन्हात बंद पडलेली लॅब: ‘बिनबॅटरीच्या सोलर’मध्ये आम्ही कसे फसलो

ऐरोलीच्या एका मराठी शाळेत मी संगणक शिकवते. लॅबचे तास सकाळी १० ते दुपारी ४. वीज गेली की तास बुडायचा, म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून सोलर बसवायचं ठरलं. तास उन्हाच्या वेळेतच असल्यामुळे बॅटऱ्यांवर पैसे घालायचे नव्हते. विक्रेता म्हणाला, “मॅडम, बॅटरी लागतच नाही. लाईट गेली तरी ऊन आहे तोवर लॅब चालणार.”

लोड काढताना त्याने एका सीपीयूला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवरचा ४५० वॅटचा आकडा वाचला, त्याला २० ने गुणलं आणि १० किलोवॅटची सिस्टीम सुचवली. आमच्याकडे २ लाख ८० हजारच होते. त्यावर हा लगेच म्हणाला, “मग पाचमध्येही भागेल.” शंका तिथेच यायला हवी होती. नंतर मी ४०० रुपयांचा प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणून मोजलं, तर मॉनिटरसकट एक संगणक ६५ वॅटच्या आसपास घेत होता. २० संगणकांचे १३००, चार पंख्यांचे ३००, ट्यूब आणि नेटवर्कचे दीडशे, म्हणजे सगळे मिळून पावणेदोन किलोवॅट. एसएमपीएसवर लिहिलेली असते ती त्याची कमाल क्षमता.

सिस्टीम ताब्यात देताना त्याने डेमो दिला. मीटरजवळचा एक स्विच खाली पाडला. बाहेर पॅसेजचे पंखे थांबले, आत लॅब चालूच. सरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. शाळेला थ्री फेज आहे, म्हणजे वीज तीन वेगळ्या लाईनींवरून येते. त्याने पाडला होता तो पॅसेजचा फेज आणि लॅब होती दुसऱ्या फेजवर, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढे एका शुक्रवारी मेंटेनन्ससाठी अकरा वाजता वीज गेली. ऊन रणरणत होतं आणि वीसही संगणक एका झटक्यात बंद! पॅनलच्या डीसी विजेची एसी करणाऱ्या इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर No Grid, म्हणजे बाहेरची वीज नाही, अशी अक्षरं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, “सेटिंग आहे, माणूस पाठवतो.” माणूस आलाच नाही.

आमच्या सातवीतल्या एका मुलीचे वडील सोलरची देखभाल करतात. ते येऊन खाली वाकले आणि इन्व्हर्टरच्या तळाशी बोट दाखवलं. पॅनलच्या डीसी वायरी आत येत होत्या आणि एकच एसी वायर मेन बोर्डाकडे जात होती. “ताई, हा साधा ऑन-ग्रिड आहे. बॅकअपवाल्याला लोडसाठी वेगळं टर्मिनल असतं, त्यावर BACKUP, EPS किंवा LOAD लिहिलेलं असतं.” ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बाहेरच्या विजेच्या तालावर चालतो. ती गेली की त्याने बंद व्हायचंच असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसेल. यंत्रात काही खोट नव्हती, आम्हाला भलतंच यंत्र विकलं होतं.

खूप मागे लागल्यावर विक्रेत्याने दुसरा पर्याय पुढे केला: ६५ हजार जास्त द्या, लाईट गेल्यावरही बॅटरीशिवाय चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर देतो. असे इन्व्हर्टर खरोखर मिळतात. पण त्याने न सांगितलेली गोष्ट त्या वडिलांनी एका ओळखीच्या ठिकाणी दाखवली. पाच किलोवॅटचे पॅनल, आमच्याएवढाच लोड, बॅटरी नाही. मेन बंद केला. एक ढग सूर्यावर आला, पॅनलची वीज काही सेकंदांत हजार वॅटच्या खाली आली, इन्व्हर्टर ट्रिप झाला आणि सगळं एकदम गेलं. ढग सरल्यावर पुन्हा सुरू, पुन्हा बंद. डेस्कटॉप अर्धा सेकंदही तग धरत नाही. मुलांचं सेव्ह न केलेलं काम जातं ते वेगळंच.

शेवटी आम्ही हायब्रिड घेतला, पण दुसऱ्याकडून. घेण्याआधी आमच्या नऊ पॅनलच्या ओळीचं सुमारे ४४५ व्होल्ट त्याला झेपतं का, हे तपासून घेतलं, कारण बरेच स्वस्त इन्व्हर्टर याच्या निम्मंही घेत नाहीत. वीज नसताना त्यावर फक्त पंखे आणि बॅटरी शाबूत असलेले १२ जुने लॅपटॉप चालतात. ढग आला की कधी पंखे थांबतात, पण लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतात. लेझर प्रिंटर त्या लाईनवर लावत नाही. गरम होताना तो क्षणभर हजार वॅटच्या आसपास ओढतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र वीज गेली की मी फळ्यावरच शिकवते.

या वेळी ऑर्डरमध्ये लिहून घेतलं होतं की तिन्ही फेजचा मेन पाडून, सकाळी ११ ला आणि दुपारी २ ला, आमच्यासमोर वीस-वीस मिनिटं लॅब चालवून दाखवायची आणि शेवटचे २५ टक्के पैसे त्यानंतरच. मेनचा हँडल मी स्वतः खाली ओढला.

पहिल्या विक्रेत्याकडून काहीच परत मिळालं नाही. वकिलांनी बिल मागितलं, त्यात एवढंच होतं: ‘५ किलोवॅट सोलर सिस्टीम, १ नग’. लाईट गेल्यावर लॅब चालेल, हे तो फक्त तोंडाने बोलला होता.