आठ महिने वापरलेला जेवणाच्या लिफ्टचा कंट्रोलर: लॅच पुसायचा कधी?

गुहागरला आमचं छोटं लॉज आहे. तळमजल्यावर स्वयंपाकघर, पहिल्यावर जेवणाची खोली, दुसऱ्यावर गच्ची. ताटं वर नेणारी छोटी लिफ्ट आहे. माणसं त्यात बसत नाहीत. पूर्वी ट्रॉली पोचेपर्यंत बटण दाबूनच धरावं लागे. आठ महिन्यांपूर्वी पुतण्याने नवा कंट्रोलर बसवला.

त्यात चार अवस्था आहेत: थांबलेली, वर, खाली आणि दार उघडं. प्रत्येक मजल्याच्या मागणीला एक लॅच आहे. बटण एकदा दाबलं की ती मागणी लक्षात राहते आणि बटणातला दिवा पेटतो. ट्रॉली गच्चीकडे निघालेली असताना पहिल्या मजल्याने बोलावलं, तर वाटेत थांबते. तो मजला मागे पडल्यावर बोलावलं, तर आधी गच्ची करून परतताना थांबते. एवढ्यानेच आमचं ओरडणं बंद झालं.

पण पहिल्या महिन्यात अधूनमधून एक मागणी हरवायची. दिवा पेटायचा, लगेच विझायचा आणि ट्रॉली सरळ वर जायची. दोन दिवस नीट पाहिल्यावर कळलं की हे फक्त ट्रॉली पहिल्या मजल्याच्या सेन्सरसमोरून जात असताना बटण दाबलं तरच होतं. थांबायचं की नाही हे सेन्सर लागताक्षणी ठरतं. बटण त्यानंतर दाबलं गेलं, तर थांबायला उशीर झालेला असतो. पण ट्रॉलीवरचा चुंबक अजून सेन्सरसमोरच असतो आणि प्रोग्राम सेन्सर पाहून लॅच पुसत होता. मजल्यावरून जाणं म्हणजे मागणी पुरी होणं नव्हे. पुतण्याने पुसण्याची अट बदलली:

```
if (press[1] && !prev[1]) req[1] = 1;
if (state == DOOR_OPEN && floor == 1) req[1] = 0;
prev[1] = press[1];
```

आता त्या मजल्यावर दार उघडल्याशिवाय मागणी पुसली जात नाही. तेव्हापासून एकही हरवलेली नाही.

पहिल्या ओळीतला `prev` मात्र पावसाळ्याने शिकवला. खाऱ्या हवेने गच्चीवरचं बटण आत अडकलं. आधीचा प्रोग्राम बटण दाबलेलं आहे एवढंच बघायचा, त्यामुळे दार लावलं रे लावलं की लॅच पुन्हा भरायचा आणि ट्रॉली परत परत गच्चीवरच जायची. आता मागणी फक्त बटण नव्याने दाबल्या क्षणी धरली जाते. अडकलेलं बटण त्या मजल्यापुरतं निकामी होतं, बाकीचे दोन मजले चालू राहतात. मी तरीही दर आठवड्याला तिन्ही बटणं पुसते.

वीज गेली की लॅच रिकामे होतात आणि ट्रॉली कुठे आहे हेही कंट्रोलर विसरतो. वीज आल्यावर, दारं बंद असतील तर, ती हळूहळू तळाच्या लिमिट स्विचपर्यंत उतरते आणि मगच मागण्या घेते. जुन्या मागण्या जपून ठेवू का, असं पुतण्याने विचारलं होतं. मी नको म्हटलं. तासाभराच्या अंधारात ताटं जिन्याने वर गेलेली असतात. मग रिकामी ट्रॉली गच्चीवर पाठवून काय करायचं? ज्याला हवी तो पुन्हा बटण दाबतो.