रूममेटला पत्र लिहायचे आहे: घड्याळाची वेळ लिहावी की ‘जो आधी झोपेल त्याच्या सोयीने’?

एका खोलीत दोन कॉट, एक ट्यूबलाइट आणि दोघांची झोपेची वेळ वेगळी असली, की केव्हातरी लेखी काहीतरी ठरवावे लागते. पत्र लिहावे की नाही, हा प्रश्न मी येथे घेत नाही; तोंडी बोलून झालेले असते आणि ते चार दिवसांत विरून गेलेले असते, असे मी गृहीत धरतो. प्रश्न एवढाच, की पत्रात शांततेच्या आणि दिवे मालवण्याच्या ठराविक वेळा लिहाव्यात, की ‘आपल्यापैकी जो आधी झोपेल त्याने सांगावे आणि दुसऱ्याने दिवा बंद करावा’ असा एकच सैल नियम ठेवावा. सांगलीत विश्रामबागेतल्या खोलीवर राहताना मला ही निवड करावी लागली आणि दोन्ही प्रकारचे मसुदे मी लिहून पाहिले.

माझी परिस्थिती सांगतो, म्हणजे आपली वेगळी असेल तर तेवढे वजा करून वाचता येईल. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि अभ्यासिकेत जागा मिळावी म्हणून पाच वाजता उठतो. माझे रूममेट वयाने मोठे, कुपवाड एमआयडीसीत नोकरीला. मी त्यांना दादा म्हणतो. एक आठवडा त्यांची फर्स्ट शिफ्ट असते आणि तेव्हा कसलाच प्रश्न येत नाही. पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट असते, तेव्हा ते साडेअकराला खोलीवर येतात, आंघोळ करतात, मेसचा डबा खातात, घरी फोन करतात आणि एकच्या सुमारास झोपून आठला उठतात.

सैल नियमाचे पत्र लिहायला सोपे आणि वाचायला गोड असते, हे मान्य करायला हवे. त्यात हुकमाचा सूर लागत नाही, मोठ्या माणसाला लहानाने वेळापत्रक आखून दिल्यासारखे वाटत नाही, आणि शिफ्ट बदलली तरी पत्र बदलावे लागत नाही. ज्या दोघांच्या झोपण्याच्या वेळांत अर्ध्या-पाऊण तासाचाच फरक आहे, त्यांना कदाचित एवढे पुरेल.

माझ्यासाठी मात्र एका गोष्टीने ते बाद झाले: रोज विचारावे लागणे. नियम दिसायला दोघांवर सारखा असतो, पण त्याची अंमलबजावणी कायम झोप आलेल्या माणसाकडे येते. त्याने रोज रात्री ‘दादा, लाइट बंद करू का?’ असे म्हणायचे, आणि समोरच्याने ‘पाचच मिनिटं, एवढं जेवण होऊ दे’ असे म्हणायचे. त्या पाच मिनिटांत कोणाचीच चूक नसते, पण ती संपायची वाट पाहत पडलेल्या माणसाची झोप मोडून जाते. पुन्हा विचारावे तर तोच प्रश्न आता तक्रारीसारखा ऐकू जातो. न विचारता भिंतीकडे तोंड करून पडून राहावे, तर समोरच्याचा प्रामाणिक समज होतो, की ह्याला उजेडाचा त्रास होत नाही. आणि दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइट आणखी अर्धा तास चालू राहते. विचारण्याचा आवाजही रोज एकसारखा राहत नाही, थकलेल्या दिवशी तो आपोआप चढतो. खरे सांगायचे, तर मला उजेडापेक्षा ह्या रोजच्या विनवणीचा जास्त कंटाळा आला.

दुसरी उणीव उशिरा लक्षात येते. ‘जो आधी झोपेल’ ह्या वाक्यात जो आधी उठतो त्याच्याबद्दल काहीच नसते. पहाटे पाचला माझा गजर, दाराची लोखंडी कडी, बॅगेतल्या कॅरीबॅगची चुरचुर आणि डब्याचे झाकण ह्या सगळ्याचा हिशेब त्या नियमात धरलेला नाही, कारण तो फक्त रात्रीचा नियम आहे.

वेळा लिहायला बसलो, तेव्हा हा हिशेब आपोआप समोर आला. पाचला उठायचे आणि सात तास झोप हवी, तर मला दहाला झोपले पाहिजे. दादा एकला झोपून आठला उठतात, म्हणजे त्यांचेही सातच तास. दोघेही एकाच वेळी झोपेत असतो ते फक्त एक ते पाच. दहा ते एक हे तीन तास त्यांनी माझ्यासाठी सांभाळायचे आणि पाच ते आठ हे तीन तास मी त्यांच्यासाठी. देणे-घेणे इतके सरळ निघाले, की पत्रात मी माझ्या बाजूचे तीन तास आधी लिहिले आणि मागणी नंतर ठेवली. मजकूर साधारण असा होता:

‘दादा, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी पाच ते आठ मी ट्यूबलाइट लावणार नाही, गजर व्हायब्रेशनवर ठेवून पहिल्यालाच बंद करीन आणि बॅग रात्रीच भरून दाराजवळ ठेवीन. आपणांस विनंती, की रात्री दहा ते एक मोठा दिवा बंद असावा. आपण आल्यावर पंधरा मिनिटे लावला तरी माझी हरकत नाही. त्यानंतर जेवणासाठी टेबल लॅम्प भिंतीकडे तोंड करून वापरावा. फोन पॅसेजमध्ये घ्यावा. एखाद्या दिवशी जमणार नसेल, तर संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकली तरी पुरे. एक महिना असे करून पाहू आणि मग बदल करू.’

ह्यातली पंधरा मिनिटे लिहिणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बाहेरून आलेल्या माणसाला टॉवेल शोधायलाही अंधार असेल, तर ते पत्र कोणीही पाळणार नाही. उजेडाची आणि आवाजाची वेळ वेगळी ठेवणेही आवश्यक आहे. लॅम्पखाली डबा खाता येतो, पण लॅम्पखाली स्पीकरवर बोलता येत नाही. दिवा नको म्हणजे काय, हेही नेमके सांगावे: ट्यूबलाइट, लॅम्प की झिरो बल्ब. नुसते ‘लाइट बंद’ लिहिले, तर त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो.

एक गोष्ट टाळावी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा, हे अनेकांना पाठ असते आणि पत्रात त्याचा दाखला देण्याचा मोह होतो. ते नियम सार्वजनिक आवाजासाठी आहेत, दोन कॉटच्या मधल्या चार फुटांसाठी नव्हेत. रूममेटला कायदा दाखवला, की तो वेळ पाळण्याऐवजी कायद्यातली पळवाट शोधू लागतो.

वेळांच्या पत्रालाही मर्यादा आहेत, हे प्रामाणिकपणे सांगतो. परीक्षेची आदली रात्र, गावाकडून आलेला पाहुणा, शिफ्टमधला अचानक बदल अशा वेळी ते ताठर वाटते, आणि सुरुवातीला थोडा अवघडलेपणा येतो. दोघांचेही काम बेभरवशाचे असेल, रोज येण्याची वेळच ठरलेली नसेल, तर सैल नियमच बरा. मात्र त्यात ‘सांगावे’ ऐवजी ‘जो कॉटवर आडवा झाला त्याने सांगण्याची गरज नाही, मोठा दिवा लगेच बंद व्हावा’ असे लिहावे आणि सकाळचे एक वाक्य जोडावे. निदान रोजचे विचारणे तरी त्यातून सुटते.

बाकी कोणाची वेळ ठराविक असेल, त्याने वेळाच लिहाव्यात, असे माझे मत झुकते. पत्र कागदावर द्यावे, कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवावे, म्हणजे आल्या-गेल्याला दिसत नाही, आणि सेकंड शिफ्ट सुरू होण्याच्या आदल्या रविवारी द्यावे. त्या आठवड्याच्या मधल्या रात्री दिले, तर कालच्याच एखाद्या प्रसंगाबद्दल आहे असे वाटते.