३१ मार्चलाच मोजायचं की एप्रिलमध्ये मोजून मागे यायचं? डाळ मिलच्या गोडाऊनपुरता आढावा

लातूरकडच्या डाळ मिलमध्ये मार्चअखेरीला हा वाद ठरलेला असतो. नवी तूर आलेली असते, मिल दोन पाळ्यांत चालू असते, गाड्या भरायच्या असतात आणि नेमकं त्याच वेळी ऑडिटर म्हणतो की ३१ तारखेला गेट बंद ठेवा, माल मोजायचाय. मालक म्हणतो, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोजू, मधली आवक-जावक वजा-बेरीज करून ३१ मार्चचा आकडा काढू.

दोन्ही पद्धती नियमात बसतात. एसए ५०१ या ऑडिट मानकानुसार मालाचा साठा लक्षणीय असेल तर ऑडिटरने मोजणीला हजर राहायचं असतं. मोजणी ताळेबंदाच्या तारखेला झाली नसेल तर मधल्या दिवसांतली आवक-जावकही तपासायची असते. मोजतात मात्र गोडाऊनचीच माणसं. ऑडिटर पाहतो आणि मधूनमधून काही थप्प्या स्वतः मोजून बघतो. म्हणजे प्रश्न परवानगीचा नाही. तुमच्या गोडाऊनची कागदपत्रं मागे येण्याच्या हिशेबाला पेलतील का, एवढाच प्रश्न आहे.

आधी ३१ मार्चचा खर्च बघू, कारण तो वाटतो तेवढा नसतो. मार्चअखेर हिशेबासाठी अडत बाजार बहुतेक वर्षी काही दिवस बंदच असतो, त्यामुळे कच्च्या तुरीची आवक आपोआप थांबलेली असते. अडकतात त्या फक्त विक्रीच्या गाड्या. सकाळी सहाला सुरुवात केली तर मध्यम गोडाऊन दुपारपर्यंत उरकतं. दुपारनंतर पत्र्याखाली कुणाकडूनही नीट मोजणी होत नाही, मार्चअखेरचं ऊनच तसं असतं. मिल चालूच ठेवायची असेल तर त्या दिवशी तयार होणारा माल वेगळ्या कोपऱ्यात लावा आणि त्याची शीट वेगळी करा. जुन्या थप्पीत नवा कट्टा जाता कामा नये.

एप्रिलच्या मोजणीत गाड्या थांबत नाहीत, हा तिचा खरा फायदा. तोटा समजायला आकडे मांडावे लागतील. खालचं उदाहरण ३० किलोच्या तूरडाळीच्या कट्ट्यांचं आहे.

३१ मार्चला पुस्तकी साठा ४,१८० कट्टे. मोजणीच्या शीटवर बेरीज आली ४,०६२. तूट ११८ कट्ट्यांची. इथे बरेच जण थेट घट म्हणून नोंद टाकतात आणि पुस्तक शीटशी जुळवून मोकळे होतात. तसं करू नका. आधी प्रत्येक फरक शीटचा आहे की पुस्तकाचा हे ठरवा, कारण शीटची चूक पुस्तकात दुरुस्त केली तर दोन्ही चुकतात.

पहिला फरक थप्पीचा. एका थरात १२ कट्टे, शीटवर १३ थर, म्हणजे १५६. ऑडिटरने हीच थप्पी पुन्हा मोजायला घेतली तेव्हा मुकादम म्हणाला, "सायेब, वरला थर मागं सरकवून लावलाय, खालून दिसायचा न्हाई." शिडी लावली तर थर १४ निघाले. शीटमध्ये १२ कट्टे वाढले. याच्या उलटही घडतं: थप्पी बाहेरून भरीव दिसते आणि आत विहिरीसारखी पोकळी असते. म्हणून निदान मोठ्या थप्प्यांवर माणूस वर चढायलाच हवा. आणि शीटवर पुस्तकी आकडा आधीच छापलेला नसावा. आकडा समोर असला की चौदावा थर दिसला तरी माणूस छापलेल्या आकड्यावर बरोबरची खूण करून पुढे जातो.

दुसरा फरक गेटचा. ३१ तारखेला पहाटे, मोजणी सुरू होण्याआधी, ८० कट्ट्यांची गाडी बाहेर गेली. गेट रजिस्टरला नोंद आहे, वजनकाट्याची पावती आहे, पण बिल १ एप्रिलचं. जीएसटीत बिल माल निघण्याआधी किंवा निघतानाच फाडायचं असतं, तेव्हा ही चूक तशीही महागात पडू शकते. आपल्यापुरतं पाहिलं तर सौदा आपल्या गोडाऊनमधून माल उचलण्याचा होता, गेटबाहेर पडला की माल घेणाऱ्याचा, म्हणजे विक्री मार्चची. हे ८० पुस्तकातून कमी होतील.

तिसरा फरक दुसऱ्याच्या मालाचा. एका व्यापाऱ्याचे १० कट्टे ठेवायला आलेले होते आणि ते आपल्याच थप्पीशेजारी लावल्यामुळे मोजले गेले. ते शीटमधून वजा. या दुरुस्तीने तूट कमी होत नाही, वाढते, म्हणून ती शोधायला कुणी उत्सुक नसतं. ऑडिटरने नेमकी हीच विचारायची असते: इथला कुठला माल तुमचा नाही? आणि तुमचा कुठला माल बाहेर पडून आहे, वखारीत किंवा दुसऱ्याच्या मिलवर?

चौथा फरक पॅकिंगचा. २४ कट्टे फोडून एक किलोची पाकिटं भरली, ७२० पाकिटं पॅकिंगच्या खोलीत मोजलीही गेली, पण कट्ट्यांच्या खात्यातून पाकिटांच्या खात्यात नोंद झाली नव्हती. इथेही पुस्तक चुकलेलं.

आता बेरीज बघा. शीट: ४,०६२ अधिक १२ वजा १०, म्हणजे ४,०६४. पुस्तक: ४,१८० वजा ८० वजा २४, म्हणजे ४,०७६. उरले १२ कट्टे, ३६० किलो. ११८ वरून आपण १२ वर आलो आणि वाटेत घट म्हणून एकही कट्टा लिहिला नाही.

हीच मोजणी ६ एप्रिलला झाली असती तर? थर नीट मोजून आणि दुसऱ्याचा माल वगळून त्या दिवशी ३,९०४ कट्टे भरले असते. १ ते ६ एप्रिलमध्ये मिलमधून ४५० कट्टे आत आले. मागे येताना गेलेला माल मिळवायचा आणि आलेला वजा करायचा. गेलेला माल किती, हे तुम्ही कुठल्या कागदावरून घेता त्यावर उत्तर बदलतं.

| | बिलांवरून | गेट रजिस्टरवरून |
|---|---|---|
| ६ एप्रिलची मोजणी | ३,९०४ | ३,९०४ |
| अधिक: गेलेला माल | ६९० | ६१० |
| वजा: आलेला माल | ४५० | ४५० |
| ३१ मार्चचा साठा | ४,१४४ | ४,०६४ |

बिलांवरून काढलेल्या आकड्यात ते ८० कट्टे एप्रिलमध्ये 'गेले', म्हणून मार्चच्या साठ्यात परत येऊन बसले. पुस्तकाचे ४,१८० आणि हे ४,१४४ यांत फरक फक्त ३६ दिसतो. त्यातले २४ पाकिटांचे, बाकी १२. सगळं नीट जुळल्यासारखं वाटतं आणि गेटची चूक कुणालाच दिसत नाही. कारण उघड आहे: ज्या बिलांमुळे पुस्तक चुकलं, त्याच बिलांनी आपण मोजणीही मागे नेली. ३१ मार्चच्या मोजणीत ८० कट्टे डोळ्यांसमोर नसतात, म्हणून प्रश्न विचारावाच लागतो.

खरेदीच्या बाजूने हेच घडलं तर जास्त काळजी घ्या. ३१ मार्चला तुरीची गाडी आत आली, खरेदीची नोंद एप्रिलची. ३१ ला मोजलं तर माल जास्त भरेल. तो 'जास्त' निघालेला माल नुसता साठ्यात धरला आणि खरेदी मार्चमध्ये घेतली नाही, तर नफा त्या मालाच्या पूर्ण किमतीने फुगतो. विक्रीच्या गाडीत नफ्याचा फरक फक्त मार्जिनपुरता होता. म्हणून जादा माल दिसला की आनंद मानू नका, शेवटच्या आवक पावत्या काढा.

म्हणजे एप्रिलची पद्धत वाईट आहे असं नाही. ती गेट रजिस्टरवर उभी राहते. तुमचं रजिस्टर छापील क्रमांकाचं असेल, प्रत्येक गाडीची वेळ आणि काट्याची पावती त्याला जोडलेली असेल, मिलमधून गोडाऊनला येणाऱ्या मालाची चिठ्ठी रोज फाटत असेल, तर आठवड्याच्या आत मोजून मागे यायला हरकत नाही. ऑडिटरने ३१ मार्चला निदान दहा मिनिटं येऊन शेवटच्या गेटपासचा, शेवटच्या आवक पावतीचा आणि शेवटच्या बिलाचा क्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे नंतर मधे पान घालता येत नाही. रजिस्टर वहीत पेन्सिलने लिहिलं जात असेल, किंवा चौकीदार जेवायला गेला की गाड्या तशाच सुटत असतील, तर ३१ मार्चच निवडा. माझ्या पाहण्यात बहुतेक लहान मिलमध्ये रजिस्टर त्या दर्जाचं नसतं, त्यामुळे मला कुणी विचारलं तर माझं उत्तर जवळजवळ नेहमी ३१ मार्च असतं.

एका बाबतीत मात्र तारखेने काही फरक पडत नाही: कच्च्या तुरीचं वजन. पोती बरोबर भरतात आणि किलो कमी भरतात. ५० किलोची ६०० पोती १२ टक्के ओलाव्याने घेतली आणि मार्चअखेर ओलावा १० टक्क्यांवर आला, तर ३०,००० किलोचे ३०,००० गुणिले ८८ भागिले ९०, म्हणजे सुमारे २९,३३३ किलो राहतात. ६६७ किलो हवेत गेले, चोरीला नाही. पण हा हिशेब ओलावा मीटरच्या वाचनावर करा, 'उन्हाळ्यात एवढी घट येतेच' या वाक्यावर नको. मीटरने ६६७ सांगितले आणि प्रत्यक्षात १,१०० किलो कमी असतील, तर उरलेल्या ४३३ किलोंचा जाब वेगळा मागायचा.

दोन-तीन गोडाऊन असतील तर एकाच वेळी मोजा, किंवा निदान मोजलेल्या गोडाऊनला कुलूप लावून चावी ऑडिटरकडे द्या. नाहीतर सकाळी एमआयडीसीत मोजलेले कट्टे दुपारी बाजारातल्या गोडाऊनमध्ये पुन्हा मोजले जातात. माणसं कमी असल्यामुळे हे एका दिवसात जमत नसेल, तर मुख्य गोडाऊन ३१ ला आणि बाकीची एप्रिलमध्ये गेटवरून मागे आणून, असा मधला मार्गही चालतो.

आणि ते उरलेले १२ कट्टे? कारण शोधूनही सापडलं नाही तर त्यांची तूट मालकाच्या सहीने वेगळ्या नोंदीत दाखवा, खपात मिसळू नका. कंपनी असेल आणि तिला कारो २०२० हा ऑडिट अहवालाचा आदेश लागू असेल, तर ऑडिटरला मालाच्या प्रत्येक वर्गात १० टक्के किंवा जास्त तफावत निघाली का हे सांगावं लागतं. १२ कट्टे त्यापासून फार लांब आहेत. तरीही ज्या थप्पीत ते कमी भरले ती पुढच्या तिमाहीत एकदा मोजून बघा. पुन्हा तिथेच कमी भरले तर विचारपूस त्या कोपऱ्याची चावी ज्याच्याकडे असते त्याच्यापासून सुरू करा.