पालकभेट: निकाल आधी सांगायचा की वही आधी दाखवायची?

तिसरीतलं मूल वाचनात मागे आहे आणि पहिल्या सत्राच्या शेवटी पालकांना बोलावलंय. बोलायला सुरुवात कशी करायची, याच्या दोन पद्धती शिक्षकांत दिसतात. एकीत प्रगतिपत्रक समोर ठेवून श्रेणी सांगायची, कमी कुठे पडलं ते सांगायचं आणि घरी लक्ष द्या म्हणायचं. दुसरीत आधी पालकांना विचारायचं, मग मुलाची वही उघडायची आणि श्रेणीचा विषय शेवटी काढायचा.

पहिलीला पाच मिनिटं पुरतात. शनिवारी सकाळी बाहेर पंधरा-वीस पालक ताटकळत असले की तीच सोयीची वाटते. पण 'क-1' पाहून आईला एवढंच कळतं की पोरगा कमी पडला. नेमकं अडतंय कुठे, ते पत्रकावर नसतं. मग घरी जाऊन त्याला ओरडा बसतो किंवा ट्यूशन लागते. दुसरीला वीस मिनिटं लागतात, म्हणून अशा तीन-चार पालकांना वेगळ्या दिवशी बोलवावं लागतं.

दुसरीची तयारीही हवी. भेटीच्या आदल्या आठवड्यात मुलाला न शिकवलेला, तिसरीच्या पातळीचा उतारा द्या, एक मिनिट वाचू द्या आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. चुकून त्याने स्वतःच सुधारलं तर तो शब्द बरोबर धरा. चुकलेले शब्द जसे उच्चारले तसेच लिहून ठेवा. बोलण्याचा खरा आधार तोच कागद.

सातपूरच्या एका मराठी शाळेत, दोघंही कारखान्यात कामाला असलेल्या घरातल्या आईशी असं बोलणं होऊ शकतं:

बाई: ताई, घरी वाचायला बसला की काय करतो तो?

आई: बसतच नाही हो बाई. एक ओळ वाचतो, मग म्हणतो पोट दुखतंय.

बाई: कुठल्या शब्दाला थांबतो, लक्षात आलंय का?

आई: नाही, तेवढं नाही पाहिलं.

बाई: हे बघा. 'पाटी', 'खिडकी' आता सरळ वाचतो, जूनमध्ये तेही अडायचं. 'रस्ता' आला की 'रसता' म्हणतो. 'पुस्तक'चं 'पुसतक'. लिहितोही तसंच. जोडाक्षर त्याला फुटून दिसतं.

आई: मग नापास होईल का?

बाई: तिसरीत त्यासाठी मागे ठेवत नाहीत. पण खरं ते सांगते, तो मागे आहे. मिनिटाला 22 शब्द वाचतो. तिसरी संपताना 60च्या आसपास यायला हवेत.

आई: त्याचे पप्पा म्हणतात, ट्यूशन लावू.

बाई: ट्यूशनला धडे पुरे करून घेतील, याला धडा वाचताच येत नाहीये. आधी महिनाभर आपण बघू. मी परिपाठानंतर पंधरा मिनिटं जोडाक्षरं घेईन. घरी रोज दहा मिनिटं, एकच छोटा उतारा तीनदा.

आई: माझी सेकंड शिफ्ट असते. घरी यायला बारा वाजतात.

बाई: घरी कोण असतं?

आई: त्याची ताई. सहावीत आहे.

बाई: मग तीच ऐकेल. चुकला तर शब्द सांगायचा, रागवायचं नाही. आणि डोळे, कान एकदा तपासून घ्या. चार आठवड्यांनी मी परत मोजते, तेव्हा या.

यात 'खरं ते सांगते' हे वाक्य गाळू नका. दुसरी पद्धत फसते ती इथेच. कौतुक ऐकून आई समाधानाने घरी जाते आणि मूल मागे आहे हे तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. तो आकडा सांगितला की तुलना शेजारच्या मुलाशी होत नाही. शिफ्टचा प्रश्नही दुसऱ्या पद्धतीतच पुढे आला. 'घरी लक्ष द्या' म्हटलं असतं तर आई 'हो' म्हणून उठली असती.

दोन्ही पद्धतींत एक पथ्य पाळावं: शिक्षकाने स्वतः 'डिस्लेक्सिया' म्हणू नये. नजर आणि ऐकणं ठीक आहे, दोन-एक महिने सराव नेमाने झालाय, तरी आकडा जागचा हलत नाही, तर तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची तपासणी सुचवावी. ही अक्षमता 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेली आहे, त्यामुळे पुढे सवलतींचा मार्गही निघतो.

तेव्हा पहिल्या भेटीला मी वहीच आधी काढायला सांगेन. चार आठवड्यांनंतरच्या भेटीत मात्र निकाल आधी सांगा: 22चे 30 झाले की 22च राहिले. आईला आता त्या आकड्याचा अर्थ माहीत असतो, पाच मिनिटं पुरतात. आकडा वाढला नसेल तर पहिला प्रश्न असा विचारा: ताई, आठवड्यातले किती दिवस बसला तो वाचायला?