साइड पोजचे कॅटलॉग फोटो करून देतो म्हणणाऱ्यांपासून जरा सांभाळून

नाशिकमध्ये माझ्यासारख्या घरून कुर्ते विकणाऱ्या खूप जणी आहेत, त्यातल्या दोघींना, ज्याने मला फसवलं त्याच माणसाचा मेसेज आलाय असं कळलं म्हणून लिहितेय. कॉलेज रोडला ऑफिस आहे म्हणाला. मॉडेल नको, शूट नको, तुम्ही फक्त कुर्ता जमिनीवर पसरून समोरून एक फोटो पाठवा, आम्ही सॉफ्टवेअरने तो मॉडेलच्या अंगावर घालून देतो, समोरून, तिरका, पूर्ण साइड, कुठलाही पोज. सॅम्पल एक नंबर होते. अर्धे पैसे अ‍ॅडव्हान्स, सहा हजार, यूपीआयने दिले.

समोरचे फोटो खरंच चांगले आले, ते मान्य. घोळ तिरक्या पोजमध्ये. माझा चालणारा पीस म्हणजे राखाडी सुती कुर्ता, पुढे बटणपट्टी आणि दोन्ही बगलांखाली मुंढ्यापासून घेरापर्यंत इकतचा पॅनल. समोरून बघितलं तर हा पॅनल दोन्हीकडे बोटभर दिसतो, पण बाई तिरकी उभी राहिली की जवळच्या बाजूचा पॅनल रुंद होऊन पुढे येतो आणि लांबच्या बाजूचा अंगामागे जातो, दिसतच नाही. याच्या फोटोत काय, मॉडेल तिरकी आणि पॅनल दोन्हीकडे बोटभर, अगदी सारखे! बटणपट्टी पण बरोब्बर मधोमध. मॉडेलची मान एकीकडे आणि कुर्त्याचा गळा कॅमेऱ्याकडे.

मला आधी नुसतं काहीतरी खटकत होतं, भद्रकालीतल्या आमच्या टेलर मास्टरांनी मोबाइल हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, "ताई, हा कुर्ता अंगात नाहीये, अंगावर चिकटवलाय."

घरी करून बघा. चौदा सेंटिमीटर रुंदीचा पिठाचा गोल डबा घ्या, समोर मधोमध उभी पट्टी चिकटवा आणि डबा ४५ अंश फिरवा. पट्टी एका कडेपासून फक्त दोन सेंटिमीटरवर जाते, दुसऱ्या बाजूला बारा सेंटिमीटर उरतात. म्हणजे पुढचा एक भाग आक्रसतो, दुसरा पसरतो, आणि जी बाजूची शिलाई समोरून कडेला होती ती आत येऊन तिच्यामागे पाठीचं कापड पण दिसायला लागतं. माणसाचं अंग डब्यापेक्षा चपटं, त्यामुळे पट्टी एवढी लांब जात नाही, पण सरकते नक्कीच. आणि आक्रसतं ते फक्त रुंदीत, उंची तेवढीच राहते, म्हणून लांबच्या कडेचा गोल बुट्टा उभा लांबट दिसायला हवा. याच्या फोटोत सगळे बुट्टे गरगरीत गोल होते.

पूर्ण साइडच्या फोटोत तर आणखी कहर. समोरून काढलेल्या फोटोत बगलेतला पॅनल पुरता नसतोच आणि पाठ तर अजिबात नसते, मग सॉफ्टवेअर आणणार कुठून, मनाने भरणार. माझ्या कुर्त्याला त्याने पॅनलच काढून टाकला, नुसता राखाडी. तो फोटो बघून ज्यांनी ऑर्डर केलं त्यांनी "हा वेगळाच माल आहे" म्हणून परत पाठवला, आणि दोन्ही वेळचं कुरिअर माझ्या माथी. माझा भाचा यातलंच शिकतोय, तो म्हणाला की या कामासाठी सर्रास वापरला जाणारा VITON-HD नावाचा जो फोटोंचा साठा आहे त्यात बायका समोर तोंड करूनच उभ्या आहेत, तेवढ्यावरच शिकलेलं सॉफ्टवेअर वळलेल्या अंगाला गडबडणारच. ही मर्यादा आहे, ठीक, पण मग कुठलाही पोज म्हणून पैसे कशाला घ्यायचे?

आणि खरी लबाडी तर सॅम्पलमध्ये होती. मी ते परत उघडून झूम केले तर निळा, मरून आणि मोरपंखी अशा तीन "वेगळ्या" कुर्त्यांना कोपराजवळ सेम चुणी, कमरेला सेम सुरकुती. म्हणजे बाईला एकदाच खरा कुर्ता घालून तिरका फोटो काढलेला आणि नंतर नुसते रंग बदललेले, कपडा चढवलेलाच नाही!

फोन केला तर "मॅडम तुमच्या फोटोचं लाइटिंग चुकलंय". लाइटिंगने बटणपट्टी मधोमध येते का हो? बाकीचे पैसे मी दिले नाहीत, अ‍ॅडव्हान्स अजून त्याच्याकडेच.

तुमच्याकडे कोणी आलं तर पैसे द्यायच्या आधी चौकड्याचा किंवा बगलेत वेगळा पॅनल असलेला कुर्ता द्या, पुढून, मागून, बाजूने असे तिन्ही फोटो द्या आणि तिरका पोज मागा. तोच कुर्ता घरातल्या कोणालातरी घालून तसाच तिरका फोटो काढून ठेवा, तो मात्र त्याला दाखवू नका. मग दोन्ही शेजारी ठेवून बटणपट्टी, बाजूची शिलाई आणि लांबच्या कडेचे चौकडे बघा, ते अरुंद झालेले नसतील तर नमस्कार करा. मी आता समोरचे फोटो सॉफ्टवेअरने करते आणि साइडचे जावेला उभं करून गच्चीत काढते, पॅनल दिसतो तेवढा दिसतो.